विवाहपूर्व करार: कोणाच्या हिताचा कागद?

विवाहापूर्वी वकिलाकडून करारनामा करून घेण्याची कल्पना सधन कुटुंबांत आता अपरिचित राहिलेली नाही. अशा कागदाचा साचा बहुधा ठरलेला असतो. ‘उभय पक्ष हा करार स्वखुशीने व कोणत्याही दडपणाविना करीत आहेत’ अशी सुरुवात होते. परिशिष्टांत दोघांच्या मिळकतींची व कर्जांची यादी येते. पुढे ‘परस्परांच्या मिळकतीवर हक्क सांगणार नाही’, ‘विभक्त झाल्यास पत्नी पोटगी मागणार नाही’, ‘अपत्ये अमुकाकडे राहतील’ अशी कलमे असतात. आणि अखेरीस, ‘एखादे कलम रद्दबातल ठरल्यास उर्वरित कलमे अबाधित राहतील’. हे शेवटचे वाक्य उगाच येत नाही. काय टिकणार नाही, हे मसुदा लिहिणाऱ्याला ठाऊक असते.

१८७२ च्या करार कायद्याचे कलम २३ सार्वजनिक धोरणाविरुद्धचा करार निरर्थक ठरवते. पतीने कायम पत्नीच्या माहेरीच राहावे, असे विवाहापूर्वी लिहून घेतलेले एक प्रकरण कलकत्ता उच्च न्यायालयापुढे आले होते. १९०१ साली न्यायालयाने ती अट अमान्य केली. पती-पत्नींनी आपसांत केलेला पोटगी सोडण्याचा करारही मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये याच तत्त्वावर निरर्थक ठरवला. अपत्यांचा ताबा तर न्यायालय अपत्याचे हित पाहूनच ठरवते. आईबापांची सही त्याला बांधून ठेवत नाही.

मग उरते काय? मिळकतीचे कलम. परंतु हिंदू पती-पत्नींची मिळकत कायद्याने मुळातच वेगवेगळी असते. पतीच्या नावावरील घरात पत्नीला केवळ विवाहामुळे मालकी मिळत नाही. म्हणजे हे कलम जे आहे तेच पुन्हा लिहिते. तेव्हा अशा कागदाचा खरा डोळा पोटगीवर असतो, आणि तेथेच तो लुळा पडतो. तरीही तो निरुपद्रवी नाही. ‘तू सही केली आहेस’ एवढे ऐकून न्यायालयाची पायरी न चढणारी स्त्री हक्काला मुकते.

गोव्यात चित्र उलटे आहे. तेथील पोर्तुगीजकालीन नागरी कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर विवाहानंतर मिळकत सामाईक होते आणि पत्नी निम्म्या वाट्याची धनी असते. विवाहापूर्वी रीतसर सार्वजनिक दस्त करून ही सामाईकता टाळता येते. विवाह झाल्यावर तो दस्त बदलता येत नाही. वीस वर्षे घर सांभाळलेल्या स्त्रीचा निम्मा वाटा तेथे एका सहीने जातो, आणि तेथे न्यायालय तो कागद मानते.

म्हणून केवळ ‘विवाहपूर्व करारांना मान्यता द्या’ ही मागणी अपुरी आहे. आधी गृहश्रमाने कमावलेला वाटा सर्वत्र मान्य व्हावा. तो सोडून देण्याची मुभा द्यायचीच असेल, तर दोन्ही पक्षांना स्वतंत्र वकील, मिळकतीची संपूर्ण माहिती आणि विचाराला पुरेसा अवधी मिळाल्यावरच. ज्याच्यापाशी काहीच नाही, त्याच्या ‘स्वखुशी’वर कायद्याने सहजी विश्वास ठेवू नये.