एक तारा

वाचकहो, या महिन्यात एक गोष्ट सांगतो. मोमिनपुऱ्याच्या एका गल्लीत चाचांची बेकरी आहे, असे समजा. टोस्ट, खारी, नानखटाई. वडिलांच्या हातची भट्टी. भाच्याने वर्षभरापूर्वी दुकान मोबाइलच्या नकाशावर चढवले. आतापर्यंत अडतीस जणांनी अभिप्राय दिले होते, सरासरी ४.६ तारे.

नवतपा सुरू झाला होता. असरनंतर आम्ही पाव घ्यायला गेलो, तर चाचा गल्ल्यावर मोबाइल हातात धरून बसलेले, चेहरा उतरलेला.

"सर, हे वाचा."

मराठीत लिहिले होते, म्हणून आमची वाट पाहत होते. "नानखटाई खवट. सांगितले तर दुकानदार म्हणाला, आजपर्यंत कोणी तक्रार केली नाही. अर्धा किलो फेकून दिली." खाली एक तारा. सरासरी ४.५ वर आली होती. चाचांना तो एक दशांश फार लागला.

"हा मुलगा मला आठवतो. स्कूटरवर आला होता, दहा रुपयांसाठी घासाघीस करत होता. लिहा, की फुकटे लोक नावे ठेवतात."

भाचा म्हणाला, "मामू, काढूनच टाकू." तसे करता येत नाही, हे आम्हाला ठाऊक होते. दुकानदार फक्त तक्रार नोंदवू शकतो. अभिप्राय खोटा असेल, शिवीगाळ असेल, तर कंपनी तो हटवू शकते. इथे शिवी नव्हती, आणि मुलगा दुकानात आला होता हे चाचा स्वतःच सांगत होते. मग भाच्याने दुसरा तोडगा काढला, दहा मित्रांकडून पाच-पाच तारे. आम्ही नको म्हटले. न खाल्लेल्या नानखटाईची तारीफ म्हणजे खोटी साक्षच की.

"आधी हे सांगा, खवट होती का?" आम्ही विचारले.

चाचा रागावले. वनस्पती तूप ताजे, मैदा ताजा, माल दर दोन दिवसांनी भाजलेला. म्हणून मागच्या डब्यातली एक आम्ही खाल्ली. उत्तम. मग काउंटरवरच्या काचेच्या बरणीतली घेतली. पहिला घास बरा, पण गिळल्यावर घशात जुन्या शेंगदाण्यासारखा कडवट वास राहिला. चाचांना तो येईना. दिवसभर भट्टीजवळ बसणाऱ्याचे नाक त्या वासाला सरावलेले असते. भाच्याने बरणीत नाक घातले आणि गप्प झाला.

कारण समोरच होते. दुपारी दोननंतर रस्त्याकडचे ऊन थेट त्या बरणीवर येत होते. पारा पंचेचाळिशीच्या घरात, त्यात काच. उष्णता आणि उजेड, दोन्हींनी तूप लवकर खवटते. शिवाय बरणी कधी पूर्ण रिकामी होतच नव्हती. तळाशी दोन बोटे जुना भुगा, आणि नवा माल त्यावरच ओतलेला. तोच वास वरच्या मालाला लागत होता.

चाचांनी बरणी उलटी केली. बराच वेळ भुग्याकडे पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "सर, हुजूर (स.) बाजारात धान्याच्या ढिगात हात घालतात आणि आत ओल लागते, तो किस्सा मी दर रमजानला ऐकतो."

आम्ही काही बोललो नाही.

मग उत्तर लिहायला बसलो. चाचा सांगत, आम्ही लिहीत. हे उत्तर त्या मुलापेक्षा पुढचे गिऱ्हाईक जास्त वाचणार, म्हणून स्कूटर आणि घासाघीस दोन्ही खोडली. गिऱ्हाइकाची खूण चव्हाट्यावर कशाला? "गैरसमज झाला असल्यास दिलगीर आहोत" हे वाक्य भाच्याने कुठूनसे आणले होते. गैरसमज कोणाचाच नव्हता, तेही गेले. "कृपया तारे वाढवा" यावर मात्र चाचा अडून बसले. आम्ही म्हटले, मग ती माफी राहणार नाही, सौदा होईल. शेवटी उरले ते असे:

"आपले म्हणणे खरे आहे. काउंटरवरच्या बरणीला ऊन लागत होते आणि नवा माल जुन्या भुग्यावर पडत होता. ती बरणी आज काढली. त्या दिवशी मी नीट ऐकून घेतले नाही, त्याची माफी असावी. आपले पैसे दुकानात ठेवले आहेत, केव्हाही घेऊन जा."

"आणि तो आलाच नाही तर?" भाच्याने विचारले.

चाचांनी चष्मा पुसला, पुन्हा एकदा वाचले आणि बोट टेकवले. मग अर्ध्या किलोचे एकशे चाळीस रुपये एका पाकिटात घातले आणि त्यावर 'नानखटाई' असे उर्दूत लिहिले.

परवा पाव घ्यायला गेलो. बरणीच्या जागी झाकणाचा पत्र्याचा डबा आहे, सावलीत. तारा एकच आहे. पाकीट गल्ल्यात तसेच आहे.