माय बोलत का नाही?

परभणी जिल्ह्यातल्या एका गावात मी शाळेत शिकवतो. माझ्या हाताखाली शिकलेला एक मुलगा जूनच्या पहिल्या आठवड्यात पुण्याहून परत आला. सोबत लोखंडी पेटी आणि पुस्तकांची दोन पोती. राज्यसेवेच्या तयारीला तो साडेचार वर्षं सदाशिव पेठेत राहिला होता. दोनदा पूर्वपरीक्षा निघाली, मुख्यला दोन्ही वेळा अडकला. त्यात 2025 पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली. बहुपर्यायी प्रश्नांवर घोटलेला अभ्यास आता पानंच्या पानं लिहून दाखवायचा होता. त्यासाठी आणखी दोन वर्षं लागतील असं दिसल्यावर त्यानं खोली सोडली.

वडील नाहीत. माय तीन एकर बघते, शिवाय दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. त्या दिवशी तिनं पेटी आत घेतली, पाणी दिलं, भाकरी वाढली. बोलली मात्र काहीच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्याही. ताटात ठेचा, दूध सगळं यायचं, पण नजर वर व्हायची नाही. चौथ्या दिवशी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, मी परत जातो. मायनं मला मनातून टाकलंय."

मलाही तसंच वाटलं होतं. आम्ही दोघंही चुकलो.

त्याच संध्याकाळी बचत गटाच्या ताई हप्ता मागायला आल्या. मायनं त्यांना खुणेनं अंगणातच थांबवलं. ते पोरानं पाहिलं. त्या गेल्यावर त्यानं विचारलं, "माय, किती राहिलंय?" चार दिवसांनी ती पहिल्यांदा बोलली, "अठरा हजार." आणि मग थांबून, "बोरमाळ तुटली म्हणून काढून ठेवली असं तुला सांगितलं होतं ना, ती सोनाराकडं हाय."

तिच्या गप्प राहण्यात राग नव्हता. तोंड उघडलं की कर्ज बाहेर येईल आणि आधीच खचलेलं पोरगं आणखी खचेल, ही भीती होती. पोरानंही लपवलं होतंच. दुसऱ्यांदा मुख्यला नापास झाल्यावर "निकाल लागायचाय" असं तो आठ महिने फोनवर सांगत राहिला होता.

मग दोघांनी वहीवर हिशेब मांडला. खोलीतल्या कॉटचे अडीच हजार, मेसचे तीन हजार, अभ्यासिकेचे बाराशे, पुस्तकं, फॉर्म आणि गाडीभाडं धरून महिन्याला साधारण आठ हजार. चोपन्न महिन्यांचे चार लाख बत्तीस हजार. आकडा मोठा होता, पण मायला तो कळल्यावर ती म्हणाली, "मला वाटलं आणखी जास्त असंल." न सांगितलेला आकडा तिच्या मनात रोज वाढत होता.

ज्या घरातलं पोर आज पुण्यात किंवा संभाजीनगरात अभ्यासिकेत बसलंय, त्या घराला माझं सांगणं आहे. या परीक्षेला खुल्या गटात अडतिसाव्या आणि मागास गटांत त्रेचाळिसाव्या वर्षापर्यंत बसता येतं. आयोग तुमच्या पोराला थांब म्हणणार नाही. कुठं थांबायचं हे घरातच ठरवावं लागतं, आणि तेही जायच्या आधी: किती प्रयत्न, किती पैसे आणि ते कुठून. दागिना गहाण ठेवलात तर पोराला सांगा. त्याचा अभ्यास बिघडेल म्हणून लपवू नका. लपवलेलं कर्ज तो परतल्यावर तुमच्या दोघांच्या मधे येऊन बसतं.

आणि पोरांनो, निकाल ज्या दिवशी लागेल त्याच दिवशी घरी सांगा. मार्क सांगा, कटऑफ सांगा, किती मार्कांनी राहिलं ते सांगा. मायला परीक्षेतलं कळत नाही असं समजू नका. बाजारात सोयाबीन हमीभावाच्या किती खाली विकलं हे तिला कळतं, तर हेही कळेल. परत आल्यावर ती गप्प असेल तर निकाल सांगून थांबू नका. "तुझ्यावर किती बोजा आहे?" हे तुम्ही आधी विचारा. ती स्वतःहून सांगणार नाही.

शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही एक विनंती. परतलेल्या पोराला पारावर "कुठं लागलास का?" असं विचारू नका. पेरणीचे दिवस असतील तर तिफण धरायला हाक मारा.

आमच्या या मुलानं यंदाची पेरणी स्वतः केली. तालुक्याला एका दुकानात हिशेब लिहायला जातो, गटाचे दोन हप्ते त्यानं भरले. बोरमाळ अजून सोनाराकडंच आहे. माय फारशी बोलकी झालेली नाही, पण संध्याकाळी तो यायच्या वेळेला दारात उभी असते. तुमचं पोर परगावी असेल तर आज रात्रीच्या फोनवर "जेवलास का?" याच्या पुढं एक प्रश्न विचारा, आणि घरातली एक खरी गोष्ट त्याला सांगा.