शेजाऱ्याला दिलेली वाट परत मागताना

शेजाऱ्याला फुकट दिलेली वापराची सवलत म्हणजे शरीअतच्या भाषेत आरियत. जागा आपली, वापर त्याचा. आणि ती परत मागता येते. 1882 चा सुविधाधिकार कायदाही अशा परवानगीला हक्क मानत नाही. अडचण असते ती पुराव्याची. कोणी वीस वर्षे उघडपणे, अखंड आणि हक्काने वाट वापरली, तर तो वहिवाटीचा हक्क सांगू शकतो. परवानगीने केलेल्या वापरातून असा हक्क मिळत नाही. पण तोंडी परवानगी देणारे बुजुर्ग वारले की ती होती हे कोण सांगणार?

समजा, 2013 साली मरहूम वडिलांनी शेजाऱ्याला घराच्या बाजूच्या बोळात रिक्षा लावू दिली. आता मुलांना तिथे खोली बांधायची आहे. आधी तीन गोष्टी पाहाव्यात. बोळ कागदोपत्री फक्त आपला आहे का? सामाईक असेल, तर शेजाऱ्याचाही हक्क आहे. त्याला घरी जायला दुसरी वाट आहे का? आणि परवानगीच्या भरवशावर त्याने स्वखर्चाने पक्के बांधकाम केले आहे का? दुसरी वाट नसेल किंवा असे बांधकाम असेल, तर पत्राआधी वकील गाठावा. अशी परवानगी सहसा मागे घेता येत नाही.

तशी अडचण नसेल, तर आधी घरी जाऊन बोलावे, मग पत्र द्यावे. मजकूर एवढा पुरे:

"आमच्या मरहूम वडिलांनी 2013 साली आमच्या मालकीच्या बोळात आपणास रिक्षा लावण्याची तोंडी, विनामोबदला परवानगी दिली होती. ती आम्ही मागे घेत आहोत. आजपासून साठ दिवसांत रिक्षा व सामान हलवावे. त्यानंतर या जागेच्या वापरास आमची संमती राहणार नाही."

पहिले वाक्य गाळू नये. वापर परवानगीने होता, हे त्यातच नोंदले जाते. मुदतही हवीच, कारण सामान हलवायला वाजवी वेळ मिळण्याचा शेजाऱ्याला कायद्याने हक्क आहे.

सही एकट्या थोरल्या भावाची नको. घर वडिलांच्या नावावर असेल, तर आई आणि लग्न झालेल्या बहिणीही वारस आहेत. सर्वांनी सही करावी. नाहीतर "मला तुमच्या बहिणीची परवानगी आहे" असे उत्तर येऊ शकते. तारीख घालून दोन प्रती काढाव्यात. एकीवर पोच घ्यावी. त्याने नाकारल्यास पत्र पोस्टाने पोचपावतीसह पाठवावे आणि परत आलेला लिफाफा न फोडता जपावा.

मुदत संपली तरी रिक्षा तिथेच असेल, तर कुलूप लावू नये, चर खणू नये, चाकातली हवा काढू नये. तसे केले, तर तक्रार आपल्यावरच होते. दिवाणी न्यायालयात मनाई हुकूम मागावा. तिथे हेच पत्र कामी येईल.