उसाचा अंतिम दर: भाव की नफा?

वसमत तालुक्यात पूर्णा आणि टोकाई हे दोन सहकारी साखर कारखाने आहेत. ऊसदराचा विषय निघाला की हिंगोली जिल्ह्यात एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘सहकाराला आयकर माफ, कर फक्त कंपनीला.’ हे खरे नाही. साखर कारखाना सहकारी असला तरी त्याच्या नफ्यावर आयकर लागतो. वाद आहे तो नफा म्हणायचे कशाला, याचा. आणि या वादात सभासद शेतकऱ्याचा पैसा अडकलेला असतो.

खासगी कारखान्यात ऊस देणारा आणि मालक हे दोघे वेगळे असतात. उसाला दिलेला भाव हा कारखान्याचा खर्च. खर्च वजा जाऊन उरतो तो नफा. त्यावर कर भरायचा आणि मग भागधारकाला त्याच्या शेअर्सप्रमाणे लाभांश द्यायचा. सहकारात ऊस देणारा सभासदच मालक असतो. हंगाम संपल्यावर हिशेब होतो आणि शिल्लक रक्कम दुसऱ्या हप्त्याच्या किंवा अंतिम दराच्या रूपाने त्याला मिळते. ही रक्कम शेअर्सवर नाही, त्याने घातलेल्या टनांवर मिळते. म्हणजे सुरुवातीला त्याच्याच मालाला कमी दिलेले पैसे हिशेबानंतर परत आले. सभासदाला परत गेलेल्या रकमेकडे कंपनीच्या नफ्यापेक्षा वेगळ्या नजरेने पाहावे, या मागणीचे मूळ इथे आहे.

समजण्यासाठी एक काल्पनिक हिशेब मांडू. एका कारखान्याने 1 लाख टन ऊस गाळला आणि किमान दरावर टनामागे 200 रुपये जादा दिले. एकूण 2 कोटी रुपये झाले. हा खर्च धरला तर त्यावर कर नाही. हेच नफ्याचे वाटप ठरवले, तर 30 टक्के दराने 60 लाख रुपये कर निघतो, शिवाय अधिभार आणि उपकर. गंमत म्हणजे ते 2 कोटी कारखान्याकडे शिल्लकच नसतात, कारण ते केव्हाच शेतकऱ्यांच्या खात्यात गेलेले असतात. मग कर पुढच्या हंगामाच्या पैशातून भरावा लागतो आणि त्याची झळ पुढच्या उसाच्या दराला बसते.

महाराष्ट्रातल्या अनेक कारखान्यांवर आयकर खात्याने अशी मागणी काढली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि मार्च 2019 मध्ये तासगाव तालुका सहकारी साखर कारखान्याच्या खटल्यात निकाल लागला. त्या काळच्या ऊस नियंत्रण आदेशातील कलम 5अ नुसार जादा दर हंगामानंतर, कारखान्याची कमाई पाहून ठरत असे. म्हणून न्यायालयाने म्हटले की जादा दरात जेवढा भाग नफ्याच्या वाटणीचा आहे तेवढा खर्च धरता येणार नाही. बाकीचा धरता येईल. कोणता भाग किती, हे अधिकाऱ्याने हिशेब तपासून ठरवायचे.

तोपर्यंत कायदाही बदलला होता. 2015 च्या वित्त कायद्याने आयकर कायद्यात कलम 36(1)(xvii) आले. सरकारने ठरवलेल्या किंवा मंजूर केलेल्या दरापर्यंत उसाची किंमत खर्च धरायची, असे ते सांगते. ते 2016-17 या करनिर्धारण वर्षापासून लागू झाले. ऑक्टोबर 2021 च्या परिपत्रकाने स्पष्ट केले की राज्याच्या कायद्याने ठरलेला जास्तीचा दरही यात येतो. महाराष्ट्रात यासाठी 2013 चा ऊसदर कायदा आहे. जुन्या वर्षांची मागणी मात्र तशीच होती. 2023 च्या अर्थसंकल्पाने तीही सोडवली आणि सुमारे 10 हजार कोटींचा दिलासा मिळेल असे सांगितले. पण हा दिलासा आपोआप मिळत नाही. त्यासाठी कारखान्याने 31 मार्च 2027 पर्यंत अर्ज करावा लागतो.

या सवलतीची मर्यादाही ओळखली पाहिजे. मंजूर दरापेक्षा जास्त दिलेली रक्कम अजूनही नफ्याची वाटणी ठरू शकते. शेअर्सवर दिलेला लाभांश तर नफ्यातूनच जातो, तो खर्च होत नाही. शिवाय ‘सभासदाला परत’ हे तत्त्व सभासदापाशीच थांबते. आपल्या जिल्ह्यातून कोयता घेऊन जाणारा ऊसतोड मजूर टनावर मजुरी घेतो, पण तो ऊस उत्पादक सभासद नसल्याने अंतिम दरात त्याचा वाटा नसतो. करात वाचलेला पैसा त्याच्यापर्यंत पोहोचायचा तर तोडणीचा दर वाढावा लागेल. आयकराचे कलम ते काम करत नाही.

म्हणून वार्षिक सभेत सभासदांनी तीन गोष्टी विचाराव्यात. जुन्या वर्षांची आयकर मागणी आपल्या कारखान्यावर होती का? असल्यास तिच्यासाठी अर्ज दिला का? आणि ताळेबंदात ती रक्कम आज कोणत्या नावाने दाखवली आहे? अहवाल हातात असतानाच हे विचारायचे, कारण अर्जाची मुदत गेल्यावर उत्तर मिळूनही उपयोग नाही.