एक्केचाळिसावा हजेरी क्रमांक

‘दोन विषम संख्यांची बेरीज नेहमी सम असते, हे सिद्ध करा.’ नववीच्या चाचणी परीक्षेत हा प्रश्न दोन गुणांसाठी विचारला होता. आमच्या शेजारच्या मुलाने उत्तर लिहिले : ३ + ५ = ८; ७ + ११ = १८; २१ + ४३ = ६४; ९९९ + १ = १०००. यावरून सिद्ध होते की, दोन विषम संख्यांची बेरीज सम असते. सरांनी त्याला शून्य दिले. वर्गातल्या बऱ्याच मुलांचे असेच झाले होते आणि घरोघर तक्रार एकच होती. चारही बेरजा बरोबर, निष्कर्ष बरोबर, मग शून्य कशाचे?

पालकांपैकी दोघे-तिघे शाळेत जाऊन आले. त्यानंतर सरांनी एक टिपण लिहून काढले, त्याच्या प्रती काढल्या आणि प्रत्येक मुलाला ती वहीत चिकटवायला लावली. ते टिपण माझ्या हाती आले. मी गणिताचा माणूस नव्हे. बँकेत तीस-बत्तीस वर्षे आकड्यांशी संबंध आला, पण ते आकडे दुसऱ्यांच्या पैशांचे होते. तरीही हे टिपण मी दोनदा वाचले आणि वाटले, शून्याच्या आधी हे द्यायला हवे होते.

टिपणात सरांनी त्या प्रश्नाला लगेच हात घातलेला नाही. आधी त्यांनी वर्गाकडून एक उद्योग करून घेतला होता, त्याची आठवण करून दिली आहे. वर्गात हजेरीपटावर चाळीस मुले. प्रत्येकाने आपल्या हजेरी क्रमांकाचा वर्ग करायचा, त्यातून आपला क्रमांक वजा करायचा आणि ४१ मिळवायचे. पहिल्या क्रमांकाचे उत्तर ४१. दुसऱ्याचे ४३, तिसऱ्याचे ४७, चौथ्याचे ५३. दहाव्याचे १३१, पंचविसाव्याचे ६४१. मग सरांनी विचारले, तुमच्या उत्तराला एक आणि ती संख्या स्वतः सोडून दुसऱ्या कशाने भाग जातो का? म्हणजे ती मूळ संख्या आहे की नाही?

संख्या मूळ आहे की नाही हे पाहायला मुलांना एक सोय ठाऊक असते. सगळ्या संख्यांनी भागून पाहावे लागत नाही. जिचा वर्ग आपल्या संख्येपेक्षा मोठा होत नाही, तिथपर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिले की पुरे. कारण त्याहून मोठा अवयव असेल तर त्याचा जोडीदार लहान असणारच आणि तो आधीच सापडला असता. चाळिसाव्या क्रमांकाच्या मुलीचे उत्तर होते १६०१. तिने २, ३, ५, ७ असे करत ३७ पर्यंत बारा भागाकार केले. एकही निःशेष गेला नाही. १६०१ मूळ. मागच्या एकोणचाळीस जणांचीही उत्तरे मूळच होती. चाळीसपैकी चाळीस! मुलांनी एकमुखाने सांगितले की, या रीतीने नेहमीच मूळ संख्या मिळते. ‘सिद्ध झाले?’ सरांनी विचारले. ‘हो!’

त्याच आठवड्यात वर्गात एक नवी मुलगी आली, क्रमांक ४१. तिने हिशेब केला : ४१ चा वर्ग १६८१, वजा ४१, अधिक ४१, उत्तर १६८१. तिनेही शेजारणीची वही पाहून ३७ पर्यंतचे बारा भागाकार केले आणि कशानेच भाग जात नाही म्हणून मूळ असे लिहून टाकले. सरांनी तिला आणखी एकच भागाकार करायला लावला. १६८१ म्हणजे ४१ गुणिले ४१. तिचा भागाकार जिथे थांबला, त्याच्या पुढच्याच पायरीवर भाग जात होता.

ही करामत सरांची स्वतःची नव्हे आणि तसा त्यांचा दावाही नाही. ऑयलर या थोर गणितज्ञाने १७७२ मध्ये या सूत्राकडे लक्ष वेधले होते. सरांनी फक्त हजेरीपट त्यावर बसवला. पण मला आवडले ते पुढचे वाक्य. सर लिहितात : ‘मुलांनो, ४१ व्या क्रमांकाला काय होणार, हे कळायला चाळीस भागाकारांची गरज नव्हती. नियमाकडे नुसते पाहिले असते तरी दिसले असते. ४१ वजा केले आणि ४१ मिळवले. उरला तो ४१ चा वर्ग. तो मूळ कसा असेल? तुम्ही चाळीस उत्तरांकडे पाहिलेत, नियमाकडे पाहिले नाहीत.’

यावर कुणी म्हणेल, चाळीस हा आकडा लहान आहे. चार हजार, चार लाख तपासा, मग खात्री बाळगायला हरकत काय? पालकांपैकी एकाने हेच विचारले असावे, कारण टिपणात त्याचे उत्तर आहे. जॉर्ज पोल्या या गणितज्ञाने १९१९ मध्ये एक अंदाज मांडला. प्रत्येक संख्येचे मूळ अवयव पाडायचे आणि ते किती आहेत ते मोजायचे. १२ म्हणजे २ × २ × ३, म्हणून तीन अवयव, विषम गट. १० म्हणजे २ × ५, दोन अवयव, सम गट. एकाला मूळ अवयवच नाही, म्हणून तो शून्य धरून सम गटात. आता १ पासून मोजत जा. दोनपासून पुढे कुठेही थांबून दोन्ही गट मोजले तर सम गट विषम गटाच्या पुढे गेलेला दिसत नाही. फार तर बरोबरी होते. हजारापर्यंत पाहा, लाखापर्यंत पाहा, हेच. १९५८ मध्ये हेझलग्रोव्ह यांनी दाखवून दिले की हा अंदाज चूक आहे, कुठेतरी सम गट पुढे जातोच. ती पहिली जागा १९८० मध्ये सापडली : ९०,६१,५०,२५७. नव्वद कोटींच्या वर! त्याआधीची एकूण एक उदाहरणे अंदाजाच्या बाजूने साक्ष देत होती.

बँकेत तपासणी अधिकारी यायचा तेव्हा तो सगळी व्हाउचरे पाहत नसे. एखादा दिवस निवडायचा, त्यातली दहा-वीस काढायची, खातेवहीशी ताडून पाहायची आणि अहवालात ‘टेस्ट चेक केले’ असे लिहायचे. हा शब्दप्रयोग तो विचारपूर्वक वापरत असे. ‘सर्व व्यवहार बरोबर आहेत’ असे लिहिणारा तपासनीस मी पाहिला नाही. व्यवहारात नमुन्यावर भागवावे लागते, कारण दिवसाला तास मोजके असतात. पण परीक्षेतल्या प्रश्नात ‘नेहमी’ हा शब्द होता आणि विषम संख्या संपत नाहीत. चार बेरजा तपासा की चार कोटी, न तपासलेल्या उरतात त्या अगणितच.

मग सिद्धता लिहायची कशी? सरांनी ती चिंचोक्यांनी समजावली आहे. विषम संख्या म्हणजे काय? जोड्या लावत गेले की शेवटी एक चिंचोका एकटा उरतो. दुसऱ्या विषम संख्येतही एक एकटा उरतो. दोन्ही ढीग एकत्र केले की त्या दोन एकट्यांची जोडी जमते आणि उरत काहीच नाही. म्हणून बेरीज सम. हेच अक्षरांत : पहिली संख्या २क + १, दुसरी २ख + १, बेरीज २(क + ख + १). यात ढीग किती मोठा हे कुठे विचारलेच नाही. फक्त ‘विषम’ या शब्दाच्या अर्थाचा उपयोग केला, म्हणून जिथे जिथे तो अर्थ लागू तिथे तिथे हे लागू.

इथे सरांनी एक सावधगिरीची सूचना दिली आहे. काही मुलांनी अक्षरे वापरली होती, पण दोन्ही संख्यांसाठी एकच : २क + १ आणि २क + १, बेरीज ४क + २. दिसायला ही सिद्धता. पण तिच्यात दोन्ही संख्या सारख्याच आहेत. ३ अधिक ३, ७ अधिक ७ एवढ्यांपुरतेच ते खरे ठरले. ३ अधिक ५ बाहेरच राहिले. या मुलांना सरांनी एक गुण दिला. मला विचाराल तर पहिल्या मुलांनाही अर्धा गुण द्यायला हरकत नव्हती. उदाहरणे पाहिल्याशिवाय काय सिद्ध करायचे तेच सुचत नाही आणि ९९९ अधिक १ घेणारा मुलगा निदान वेगळ्या ठिकाणी जाऊन पाहत होता. सर यावर ठाम आहेत : प्रश्न ‘पडताळून पाहा’ असा नव्हता.

टिपणाचा शेवटचा भाग आपल्या देवळालीच्या द. रा. कापरेकरांवर आहे. शाळेत शिकवता शिकवता संख्यांचा ध्यास घेतलेला हा माणूस. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, म्हणजे ३५२४. अंक उतरत्या क्रमाने लावा आणि चढत्या क्रमाने लावा, मग वजाबाकी करा : ५४३२ − २३४५ = ३०८७. पुन्हा तेच : ८७३० − ०३७८ = ८३५२. पुन्हा : ८५३२ − २३५८ = ६१७४. आणि ६१७४ ला हेच केले की पुन्हा ६१७४. कुठूनही निघा, फार तर सात वजाबाक्यांत इथे पोचता. मात्र उत्तर तीन अंकी आले तर पुढे शून्य धरायचे.

इथे मुलांनी सरांना पकडले असणार. हेसुद्धा तपासूनच ठरवायचे ना? सरांचे म्हणणे, हो, आणि इथे ते चालते. कारण चार अंकी संख्या ९००० च आहेत. चारही अंक सारख्या असलेल्या नऊ वगळल्या की ८९९१ उरतात. त्या सगळ्या तपासल्या तर बाहेर काही राहत नाही, ती सिद्धताच. शिवाय काम याहून पुष्कळ कमी आहे. वजाबाकीचे उत्तर दोनच गोष्टींवर ठरते : सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान अंकातला फरक, आणि मधल्या दोन अंकांतला फरक. पहिल्याला ९९९ ने गुणा, दुसऱ्याला ९० ने, आणि बेरीज करा. ३५२४ मध्ये हे फरक ३ आणि १. २९९७ अधिक ९०, म्हणजे ३०८७. पहिला फरक १ ते ९ मधला कोणताही असतो, दुसरा शून्यापासून पहिल्याइतका. पहिला १ असेल तर दुसऱ्याला दोन पर्याय, २ असेल तर तीन, असे ९ ला दहा. सगळे मिळून ५४.

सरांनी वर्गाचे सहा गट पाडून प्रत्येकाला नऊ प्रकार वाटून दिले आहेत आणि सोमवारी वह्या मागितल्या आहेत. खाली तळटीप आहे : एखाद्या गटाची वही आली नाही, तर बाकीच्या पाच वह्या बरोबर असूनही त्या दिवशी फळ्यावर ‘सिद्ध झाले’ असे लिहिले जाणार नाही.