चूक काकांची की फॉर्मची?

गेल्या हिवाळ्यात आपल्या मंडळातल्या एका काकांनी घर बदलले. नवे घर जुन्या जी.पी.च्या हद्दीबाहेर, म्हणून नव्या सर्जरीत नाव नोंदवणे आले. रक्तदाबाच्या गोळ्या आठ दिवस पुरतील एवढ्याच उरल्या होत्या. काकांची सारी नोकरी हिशेब तपासण्यात गेलेली. फॉर्मला घाबरणारा हा माणूस नव्हे. पण तीन संध्याकाळी बसूनही तो ऑनलाइन फॉर्म पुढे सरकेना. शेवटी त्यांनी मला फोन केला, "अरे, मला काही जमत नाही बघ. वय झालं आता."

मी जाऊन शेजारी बसलो. नाव, जन्मतारीख, पत्ता, आधीची सर्जरी, आजार, औषधे असे सगळे रकाने एकाच लांबलचक पानावर. काकांनी ते भरून बटण दाबले. पानाच्या डोक्यावर लाल अक्षरांत Invalid input एवढेच उमटले आणि अर्धे रकाने कोरे झाले. कुठे चुकले, काय चुकले, याचा पत्ता नाही. अर्ध्या तासाने मला दिसले, की पोस्टकोडात शून्याच्या जागी काकांनी O हे अक्षर टाइप केले होते.

असे फॉर्म तयार करणे हाच माझा व्यवसाय आहे, म्हणून स्पष्ट सांगतो: ही चूक काकांची नव्हती.

ब्रिटनमधल्या पोस्टकोडाचे दोन भाग असतात. दुसऱ्या भागात नेहमी एक आकडा आणि त्यापुढे दोन अक्षरे असतात. पार्लमेंटच्या हाउस ऑफ कॉमन्सचा पोस्टकोड SW1A 0AA असा आहे. कोणी SW1A OAA लिहिले, तर शेवटून तिसऱ्या जागी अक्षर येऊच शकत नाही, म्हणजे ते शून्यच, हे यंत्राला कळू शकते. त्याने ते गुपचूप सुधारून घ्यावे. लहान अक्षरे, मधली जागा राहून जाणे, मध्ये टिंब किंवा आडवी रेघ पडणे, या गोष्टींवरून तर माणसाला अडवूच नये. पण पहिल्या भागात हा न्याय चालत नाही. ऑक्सफर्डचे पोस्टकोड OX ने सुरू होतात. तिथला O हा खरोखरच O असतो. जिथे खात्री आहे तिथेच सुधारावे, नाहीतर विचारावे.

आता विचारायचे कसे? ब्रिटिश सरकारने 2018 साली आपल्या सर्व खात्यांसाठी GOV.UK Design System खुली केली. तिच्यातली पद्धत साधी आहे. बटण दाबल्यावर पानाच्या वर There is a problem अशी चौकट येते. तिच्यात प्रत्येक चुकीची एक ओळ असते आणि ओळीवर क्लिक केले की थेट त्या रकान्यात जाता येते. तीच ओळ रकान्याच्या वरही लाल अक्षरांत दिसते. पोस्टकोड अर्धवट असेल तर Enter a full UK postcode, म्हणजे काय करायचे तेच लिहिलेले. आणि भरलेला मजकूर जसाच्या तसा राहतो. काउंटरवरचा शहाणा कारकून वेगळे काय करतो? रकान्यावर बोट ठेवून "इथे पूर्ण पोस्टकोड घाला" म्हणतो. सगळा कागद फाडून परत देत नाही.

माझे काही सहकारी म्हणतात, टाइप करतानाच लाल रंग दाखवावा, म्हणजे चूक लवकर कळेल. मला हे पटत नाही. हळू टाइप करणाऱ्याला अर्धा पोस्टकोड लिहिल्यावरच "चुकले" असे दिसते आणि तो बरोबर लिहिलेलेही खोडतो. आधी माणसाचे बोलणे पुरे होऊ द्यावे.

अर्थात संदेश कितीही चांगला असला तरी यंत्र फक्त आकार तपासते, खरेपणा नाही. नव्या वसाहतीतले घर पत्त्यांच्या यादीत अजून आलेले नसेल, तर यादीतून निवडण्याची सक्ती करणारा फॉर्म खऱ्या पत्त्यालाच नाकारतो. तिथे पत्ता हाताने लिहिण्याची सोय हवीच.

काकांची नोंदणी त्या रात्री झाली आणि गोळ्याही वेळेत मिळाल्या. पण शेजारी कोणी नसते तर? तेव्हा, वाचकहो, घरातल्या वडीलधाऱ्यांचा फॉर्म अडला तर आधी पोस्टकोडातले शून्य पाहा. तरीही अडला तर सर्जरीकडे कागदी फॉर्म मागा, आणि कोणता रकाना भरताना काय संदेश आला हे लिहून कळवा. "तुमचा फॉर्म चालत नाही" एवढ्यावरून माझ्यासारख्याला काही दुरुस्त करता येत नाही. त्या एका ओळीवरून येते.