मिक्सर आला, चटणीचं भांडं राहिलं

ऑनलाइन घेतलेली एखादी महागडी वस्तू परत करायला गेलात, की परतीच्या अटींमध्ये एक ओळ हमखास सापडते. सोबत आलेलं सगळं सामान परत द्या, मोफत मिळालेली भेटसुद्धा, नाहीतर तिची किंमत परताव्यातून कापली जाईल. आता याच विक्रेत्याकडे तुम्ही ‘मोफत भेट आलीच नाही’ अशी तक्रार करून बघा. उत्तर येतं, “सर, ती फ्री होती, तिचे पैसे कसे देणार?” म्हणजे भेट आमच्याकडून परत घ्यायची असेल तेव्हा तिला किंमत असते आणि द्यायची राहून गेली की ती फुकटची ठरते. हा दुटप्पीपणा आपण फार सहज सोडून देतो.

गेल्या आठवड्यात वाशीच्या एका वाचक ताईंनी याच प्रकारचं लिहून कळवलं. त्यांनी ४,५९९ रुपयांना मिक्सर मागवला. खोक्यावरच्या लेबलवर मोटर युनिट १, जार ३, स्पॅच्युला १, पुस्तिका १ असं छापलेलं. शिवाय सणाच्या ऑफरमध्ये एक डबा मोफत. खोकं उघडलं तर चटणीचं छोटं भांडं नाही, डबाही नाही आणि पुस्तिकाही नाही. कंपनीच्या सेवा केंद्रात तेच भांडं सुटं ६५० रुपयांना मिळतं. विक्रेत्याने तक्रारीवर देऊ केलं २०० रुपयांचं कूपन. ताई वैतागून विचारतात, “मिक्सर परतच का करू नये? चटणीसाठीच तर घेतला होता.”

इथे तीन वस्तू गायब आहेत, पण तिन्हींचा न्याय एक नाही.

आधी भांड्याचं बघू. ते मोफत नव्हतं, ४,५९९ मध्येच होतं आणि खोक्यावर छापलेलं होतं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये ‘दोष’ म्हणजे फक्त बिघाड नव्हे. करारानुसार किंवा विक्रेत्याने सांगितल्यानुसार जे प्रमाण हवं त्यात कमतरता असणं हाही दोषच. तीन सांगून दोन दिली, इतका सरळ मामला आहे. सांगितल्याप्रमाणे नसलेली वस्तू परत घ्यायला विक्रेत्याने नकार देता कामा नये, असं ई-कॉमर्सचे २०२० चे नियमही सांगतात. तेव्हा ताईंची परतीची मागणी अवाजवी नाही.

तरीही मी त्यांना आधी भांडंच मागायला सांगितलं. मोटर चांगली आहे, दोन जार ठीक आहेत आणि सणाच्या भावात पुन्हा तोच मिक्सर मिळेल याची खात्री नाही. लेखी कळवायचं, की अमुक तारखेपर्यंत भांडं पाठवा, नाहीतर मिक्सर बदलून द्या किंवा पूर्ण पैसे परत करा. तोवर मिक्सर वापरायचा नाही. एकदा वाटण वाटलं, की वापरलेला माल परत घेणार नाही हे ठेवणीतलं उत्तर तयारच असतं. आणि ‘परत’चं बटण दाबायची मुदत बहुतेक उपकरणांना मोजक्या दिवसांचीच असते. पत्रव्यवहारात ती उलटू द्यायची नाही; मुदत संपत आली तर बदलीची मागणी नोंदवून मोकळं व्हायचं.

अंशतः परतावा घ्यायचाच असेल, तर किती? विक्रेते इथे एक चलाख हिशेब मांडतात. मिक्सरच्या किमतीत भांड्याचा वाटा काढतात आणि तो दोन-तीनशेवर आणून ठेवतात. पण ताईंना ते भांडं बाजारात त्या भावाने मिळणार नाही. भरपाईचं माप म्हणजे ती उणीव भरून काढायला येणारा खर्च. इथे तो ६५० रुपये, आणि भांडं मागवायचं तर पाठवणीचा खर्च वेगळा. तोही रोख, मूळ पैसे जिथून गेले तिथेच. कूपन म्हणजे त्याच दुकानात पुन्हा खरेदी करायची सक्ती. शिवाय ते स्वीकारताना ‘तक्रार मिटली’ यावर आपलीच संमती घेतली जात नाही ना, हे वाचून घ्यावं.

भांडं आलंच नव्हतं हे सिद्ध कसं करायचं? खोकं फोडताना केलेला, मध्ये न तोडलेला व्हिडिओ सगळ्यात बरा. त्यात आधी पत्त्याचं लेबल आणि न फुटलेली चिकटपट्टी दिसली पाहिजे. बरेच जण पार्सलवर छापलेल्या वजनाचा पुरावा देतात. तो नेहमी टिकत नाही, कारण कुरिअरवाले अनेकदा खऱ्या वजनाऐवजी खोक्याच्या आकारमानावरून काढलेलं वजन लावतात. सेंटिमीटरमध्ये लांबी, रुंदी, उंचीचा गुणाकार करायचा आणि ५,००० ने भागायचं. त्या आकड्यात भांडं असलं काय, नसलं काय, फरक पडत नाही.

आता मोफत डबा. त्यासाठी अख्खा मिक्सर परत करणं मला पटत नाही. मिक्सर डब्याशिवाय चालतो. पण डबा सोडूनही द्यायचा नाही. भेट देऊ करायची आणि ती द्यायचा इरादाच ठेवायचा नाही, किंवा किंमत वसूल करून वस्तू मोफत भासवायची, या दोन्हीला कायदा अनुचित व्यापारी प्रथा म्हणतो. यात ‘इरादा’ हा शब्द अडचणीचा आहे. एका गिऱ्हाइकाचा एक डबा राहिला म्हणून इरादा सिद्ध होत नाही. जाहिरातीचा स्क्रीनशॉट असेल तर मात्र दिलेलं वचन मोडलं एवढं तरी दिसतंच, आणि डबा किंवा त्याची किंमत मागायला तेवढं पुरतं. किंमत शोधायची तर विक्रेत्याच्याच अटी बघा. भेट परत न केल्यास किती कापणार हे तिथे लिहिलं असेल, तर तोच आकडा त्याच्यापुढे ठेवावा.

दुकानातून घेतलेल्या मालाचं वेगळं असतं. तिथली भेट पुष्कळदा कंपनीच्या स्कीमची असते आणि दुकानदार म्हणतो, “गिफ्टचा स्टॉक यायचाय, पुढच्या आठवड्यात या.” खरंही असेल. तरी बिलावर ‘गिफ्ट बाकी’ असं लिहून सही-शिक्का घेतल्याशिवाय दुकानातून हलू नये. पुढच्या आठवड्यात स्कीम संपलेली असते आणि ज्या पोऱ्याने शब्द दिला तो दुसऱ्या शाखेत गेलेला असतो.

एवढं करूनही विक्रेता हलला नाही, तर प्लॅटफॉर्मच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहावं. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं, असा नियम आहे. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ क्रमांक. ६५० रुपयांच्या भांड्यासाठी जिल्हा आयोगात जावं का? पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, पण तारखांना सुट्ट्या आपल्याच जातात. माझ्या मते भांड्यासाठी हेल्पलाइनपर्यंत जावं, पुढचं ज्याचं त्याने ठरवावं.

राहिली पुस्तिका. एरवी ती नसणं हे परतीचं कारण होत नाही. ती कंपनीच्या संकेतस्थळावर मिळते आणि वॉरंटीसाठी बहुतेक ठिकाणी बिल पुरतं. पण ताईंच्या खोक्यात भांडं आणि पुस्तिका दोन्ही नाहीत, हे मला जास्त खटकलं. कारखान्यातून एकाच वेळी दोन गोष्टी राहून जाणं कठीण. कुणीतरी उघडून परत केलेला माल पुन्हा बांधला की असं होतं. म्हणून त्यांना मोटर युनिट उलटं करून बघायला सांगितलं. तळाच्या स्टिकरवरचा अनुक्रमांक आणि खोक्यावरचा अनुक्रमांक जुळतो का, स्क्रूच्या खाचा घासलेल्या आहेत का, जारच्या रबराला मसाल्याचा वास येतो का, पात्याखाली पिवळटपणा आहे का. क्रमांक जुळला नाही, तर भांड्याचा आणि कूपनचा विषयच संपला. नवा म्हणून जुना माल दिला, एवढं कारण लिहून दोन्ही क्रमांकांचे फोटो जोडायचे आणि मिक्सर त्याच दिवशी परतीला लावून पूर्ण ४,५९९ मागायचे.